साठ मिली एकदम, की वीस-वीस मिली तीनदा?

प्रश्न: चहातून कॅफीन काढायच्या प्रयोगात सर म्हणतात, ६० मिली डायक्लोरोमिथेन एकदम ओतू नका, २० मिलीचे तीन भाग करा. द्रावक शेवटी तेवढंच ना? एकदाच सगळं घालून नीट जोरात हलवलं तर तेवढंच कॅफीन यायला काय हरकत आहे?

जोरात हलवण्यापासूनच सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथे आहे. कॅफीन पाण्यातून डायक्लोरोमिथेनमध्ये जातं, तसंच ते उलट पाण्यातही परत येत असतं. दोन्हीकडची ये-जा सारखी झाली की समतोल साधला. हलवल्याने दोन द्रवांमधला पृष्ठभाग वाढतो आणि हा समतोल लवकर येतो, बस. समतोल कुठे येणार हे हलवण्यावर ठरत नाही. एकदा तो आला की नंतर अर्धा तास हलवलंत तरी कॅफीनचा एक कण जास्तीचा खालच्या डायक्लोरोमिथेनमध्ये उतरणार नाही. त्यामुळे 'नीट हलवलं' या अटीने प्रश्न सुटत नाही. तीन वेळा करण्यामागे काय आहे ते समतोलाच्या जागेत शोधायला हवं.

दोन न मिसळणाऱ्या द्रवांमध्ये एखादा पदार्थ वाटला जातो तेव्हा ठरलेल्या तापमानाला दोन्हींमधल्या त्याच्या संहतींचं गुणोत्तर ठरलेलं असतं. तोच वितरण गुणांक, K. एकूण पदार्थ कमी असो वा जास्त, गुणोत्तर तेच राहतं. द्रावण पुरेसं विरल हवं आणि दोन्ही द्रवांत पदार्थ एकाच रूपात राहायला हवा, एवढ्या अटी आहेत. १८७२ मध्ये बर्थेलो आणि युंगफ्लाइश यांनी हे प्रयोगाने दाखवलं आणि १८९१ मध्ये नर्न्स्टने त्याला आज शिकवतात तसं नियमाचं रूप दिलं. कॅफीनसाठी डायक्लोरोमिथेन आणि पाणी या जोडीचा K प्रयोगाच्या पुस्तकांत ४.६ च्या आसपास दिलेला आढळतो. नुसत्या विद्राव्यतांचा भागाकार केलात (डायक्लोरोमिथेनमध्ये मिलीला सुमारे १४० मिग्रॅ, पाण्यात सुमारे २२) तर सहाच्या वर आकडा येतो. तो अंदाजापुरता ठीक आहे, पण संपृक्त द्रावणांवरून काढलेला असल्यामुळे विरल द्रावणाला तंतोतंत लागू पडत नाही. शिवाय चहाच्या काढ्यात सोडा, टॅनिन आणि इतर बरंच काही असतं, म्हणजे तुमच्या फनेलमधला K थोडा वेगळा असणारच. इथे हिशेबाला ४.६ धरू.

समजा काढा १०० मिली आहे आणि त्यात ३०० मिग्रॅ कॅफीन आहे. चहात कोरड्या वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असतं, म्हणजे दहा ग्रॅम पावडरीसाठी हा आकडा अवास्तव नाही. एका वेळच्या हलवणीनंतर पाण्यात किती अंश मागे राहतो त्याचं सूत्र असं:

```
q = Vw / (Vw + K × Vo)
```

Vw म्हणजे पाण्याचं आकारमान, Vo म्हणजे त्या वेळी घातलेल्या द्रावकाचं. सूत्र पाठ करण्याची गरज नाही. ४.६ पट ओढ असलेलं ६० मिली द्रावक हे कॅफीनच्या दृष्टीने २७६ मिली पाण्याइतकं आहे. एका बाजूला हे २७६ आणि दुसऱ्या बाजूला काढ्याचे १००, अशी वाटणी होते. म्हणून काढ्याच्या वाट्याला ३७६ पैकी १०० भाग येतात, म्हणजे ०.२६६. तीनशे मिग्रॅपैकी सुमारे ८० मिग्रॅ पाण्यातच राहिलं आणि २२० मिग्रॅ हाती आलं.

आता तेच साठ मिली तीन भागांत घ्या. वीस मिली द्रावकाची किंमत ९२ मिली पाण्याइतकी, म्हणून q = १००/१९२, म्हणजे ०.५२. पहिल्या वेळी ३०० पैकी १५६ मिग्रॅ पाण्यात राहतं आणि १४४ खाली उतरतं. तो थर काढून घेतला आणि कोरे वीस मिली घातले की त्या १५६ ची पुन्हा त्याच प्रमाणात वाटणी होते. ८१ मागे, ७५ हाती. तिसऱ्यांदा ४२ मागे, ३९ हाती. एकूण हाती आलं २५८ मिग्रॅ. द्रावक तेवढंच, काढा तोच, पण मागे राहिलेलं कॅफीन ८० वरून ४२ मिग्रॅवर आलं. एका दमात इतकंच काढायचं ठरवलं असतं, तर हिशेबाने १३२ मिली द्रावक लागलं असतं.

हे जास्तीचं ३८ मिग्रॅ आलं कुठून? प्रत्येक थराची संहती पाहिली की कळतं. साठ मिली एकदम घातलं तेव्हा ते सगळंच्या सगळं त्या शेवटच्या, कॅफीन कमी झालेल्या पाण्याशी समतोलात होतं. त्यात मिलीला ३.७ मिग्रॅ कॅफीन होतं. वीसच्या पहिल्या भागाची गाठ मात्र कॅफीनने भरलेल्या काढ्याशी पडली, त्यामुळे तो मिलीला ७.२ मिग्रॅ घेऊन बाहेर गेला. बाहेर गेला हे महत्त्वाचं, कारण पुढे काढा कितीही विरल झाला तरी त्या वीस मिलीतलं कॅफीन आता परत येऊ शकत नाही. नंतर आलेल्या कोऱ्या द्रावकात कॅफीन शून्य, म्हणून त्याला पुन्हा समतोलापर्यंत भरून घ्यायला वाव मिळतो. एकदम ओतलेल्या साठ मिलीत ही सोय नाही, त्यातला प्रत्येक मिली शेवटपर्यंत पाण्याशी देवाणघेवाण करतच राहतो.

मग सहा वेळा दहा-दहा मिली का नाही? करून पाहा कागदावर. q येतो ०.६८५, त्याचा सहावा घात ०.१०३, म्हणजे मागे ३१ मिग्रॅ. तीन वेळांवरून सहा वेळांवर गेल्याने ११ मिग्रॅचा फायदा झाला. साठ मिलीचे अगणित बारीक भाग केले तरी मागे राहणारं कॅफीन १९ मिग्रॅच्या खाली जात नाही, कारण भाग वाढवत नेले की हा अंश e च्या −K × Vo / Vw या घाताकडे सरकतो, आणि इथे Vo म्हणजे एकूण साठ मिली. म्हणजे भाग पाडण्याचा फायदा पहिल्या दोन-तीन भागांतच उरकतो. पुढे प्रत्येक वेळी फनेल हलवणं, थर वेगळे व्हायची वाट पाहणं, नळीत आणि काचेवर थेंब राहून जाणं, हे सगळं तेवढंच लागतं आणि मिळकत घटत जाते. या K साठी माझं मत तीन भागांचं आहे. माल मौल्यवान असेल तर चार.

हे 'या K साठी' मुद्दाम म्हटलं, कारण वितरण गुणांक बदलला की सल्लाही बदलतो. पाण्यातलं आयोडीन कार्बन टेट्राक्लोराइडने काढताना K ८५ च्या आसपास असतो. तिथे शंभर मिलीला साठ मिली एकदाच वापरलं तरी जेमतेम २ टक्के मागे राहतं. तीन भाग केले तर मागे जवळजवळ काहीच उरणार नाही हे खरं, पण ते दोन टक्के तुम्हाला हवेत का, हा प्रश्न आहे. उलट K ०.१ असेल तर एकदम केल्यास ९४.३ टक्के मागे राहतं आणि तीनदा केल्यास ९४.२. तिथे भाग पाडत बसणं म्हणजे नुसती मेहनत. अशा वेळी K च बदलायला हवा. द्रावक दुसरं निवडा, पाण्यात मीठ घाला, किंवा पदार्थ आम्ल वा अल्कधर्मी असेल तर सामू बदलून त्याला उदासीन रूपात आणा. यातलं काहीच शक्य नसेल, तर द्रावक सतत फिरवत ठेवणारी सलग निष्कर्षणाची रचना लागते. थोडक्यात, भाग पाडण्याची खरी कमाई मधल्या K ला होते, आणि कॅफीन नेमकं तिथे बसतं.

आता हाताने करताना हा हिशेब कुठे बिघडतो ते पाहू.

पहिली गोष्ट तापमान. डायक्लोरोमिथेन ३९.६ अंश सेल्सिअसला उकळतं. काढा कोमट असतानाच ते ओतलं तर फनेलमध्ये लगेच दाब तयार होतो आणि बूच उडतं. दहा ग्रॅम पावडर, १५० मिली पाणी आणि दोन-तीन ग्रॅम सोडियम कार्बोनेट पंधरा-वीस मिनिटं उकळा. गरम असतानाच गाळून चोथा दाबून घ्या (त्यात बरंच पाणी अडकतं, म्हणून शेवटी शंभर मिलीच्या आसपास हाती येतं) आणि मग बर्फात ठेवून २० अंशांच्या खाली आणा. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग ठेवलाच असेल तर द्रावकाची बाटलीसुद्धा बर्फात ठेवावी लागेल, कारण दुपारी प्रयोगशाळेचं तापमानच त्याच्या उत्कलनबिंदूपर्यंत जातं. सगळं काम फ्यूम हूडमध्ये करा. हे द्रावक आरोग्याला घातक आहे आणि नेहमीच्या पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ते फार लवकर आरपार जातं. मोज्यावर सांडलं तर मोजे लगेच बदलायचे.

सोडियम कार्बोनेट का, याचा संबंधही वाटणीशी आहे. चहातली टॅनिन आणि गॅलिक आम्लासारखे फिनॉलिक पदार्थ कार्बोनेटमुळे सोडियम क्षार होतात. आयनांना डायक्लोरोमिथेनमध्ये जागा नाही, म्हणून त्यांचा K जवळजवळ शून्यावर येतो आणि ते पाण्यात अडकून राहतात. कॅफीन इतकं दुबळं अल्क आहे की या सामूला ते उदासीनच राहतं, त्याच्या वाटणीला धक्का लागत नाही. मात्र हेच क्षार साबणासारखे वागतात आणि इमल्शन तयार करतात. म्हणजे जोरात हलवण्याने फायदा नाही एवढंच नव्हे, या प्रयोगात तोटाही आहे. दोन थरांच्या मध्ये तपकिरी फेसाचा जाड पट्टा तयार होतो आणि त्यात चार-पाच मिली द्रावक सहज अडकून पडतं.

म्हणून फनेल हलवायचं नाही, सावकाश उलटसुलट करायचं. काढा आणि २० मिली द्रावक घाला, बूच घट्ट दाबून धरा, एकदा उलटं करा आणि नळी वर, माणसांपासून दूर ठेवून तोटी उघडून वाफ सोडा. पहिल्या दोन-तीन वेळा प्रत्येक उलटीनंतर वाफ सोडावी, नंतर आवाज बंद होतो. असं हळूहळू दोन-तीन मिनिटं करत राहिलात की समतोलाला पुरेसं होतं. मग कड्यावर ठेवा, बूच काढा (काढलं नाही तर खालचा थर नीट उतरत नाही) आणि थर वेगळे होऊ द्या.

इमल्शन झालंच तर पाच-दहा मिनिटं वाट पाहा, मग फनेल गोल-गोल हळूच फिरवा, चिमूटभर मीठ घाला. मिठामुळे फेस बसायला मदत होते आणि पाण्यातलं कॅफीनही किंचित जास्त खाली ढकललं जातं. तरीही पट्टा हटला नाही तर तेवढा भाग कापसाच्या बोळ्यातून गाळून घ्या. इथे तीन भागांचा आणखी एक फायदा दिसतो, जो वरच्या सूत्रात नाही. एकदम साठ मिली वापरलं आणि चार मिली फेसात अडकलं, तर त्यातलं सुमारे १५ मिग्रॅ कॅफीन कायमचं गेलं. तीन भागांत पहिल्या वेळी अडकलेलं चार मिली पुढच्या कोऱ्या द्रावकात मिसळून त्याच्याबरोबर बाहेर येतं. शेवटी अडकून राहिलेल्या चार मिलीत नऊ मिग्रॅच्या आसपासच कॅफीन असतं.

डायक्लोरोमिथेनची घनता १.३३, त्यामुळे ते खाली बसतं. हे तीनदा करायला सोयीचं आहे. खालचा थर तोटीतून शंक्वाकृती चंबूत सोडा, काढा फनेलमध्येच राहू द्या आणि वरून पुढचे वीस मिली ओता. ईथर किंवा इथाइल अॅसिटेट वरती तरंगतात, तिथे दर वेळी पाणी खाली बीकरमध्ये काढून, द्रावक फनेलच्या तोंडातून ओतून, पाणी परत फनेलमध्ये घालावं लागतं. खात्री नसेल तर फनेलमध्ये पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब ज्या थरात विरून जातात तो पाण्याचा. आणि तिन्ही वेळचं काम संपून वजन होईपर्यंत कुठलाही थर बेसिनमध्ये ओतू नका.

पहिल्या वेळी वीस मिली घालून अठरा-एकोणीसच परत आलं तर घाबरू नका. पाण्यात डायक्लोरोमिथेन एक-दीड टक्का विरघळतं, म्हणून शंभर मिली काढा पहिल्याच वेळी एखादा मिली पिऊन टाकतो. पुढच्या वेळी पाणी आधीच त्याने भरलेलं असतं, तेव्हा ही घट होत नाही. सहा वेळा दहा-दहा मिली करणाऱ्यांना मात्र हा एक मिली जास्त बोचतो, कारण त्यांच्या पहिल्या भागाचा तो दहावा हिस्सा असतो.

तुमच्या प्रयोगशाळेत थोडी मोकळीक असेल तर तिन्ही थर एकत्र न करता वेगवेगळ्या चंबूंत घ्या. प्रत्येकात निर्जल सोडियम सल्फेट घाला, दाणे ढेकळं न धरता मोकळे फिरायला लागेपर्यंत. मग आधी वजन केलेल्या दुसऱ्या चंबूंत गाळून, हूडमध्येच ४५-५० अंशांच्या जलऊष्मकावर द्रावक उडवा आणि उरलेल्याचं वजन करा. सगळं जमलं असेल तर दुसरं वजन पहिल्याच्या आणि तिसरं दुसऱ्याच्या सारख्याच पटीत यायला हवं. ती पट म्हणजेच q. समजा पहिल्यात १२० आणि दुसऱ्यात ६६ मिग्रॅ मिळालं. q झाला ०.५५. त्यावरून

```
K = (1/q − 1) × Vw / Vo = (1/0.55 − 1) × 100/20 ≈ 4.1
```

हा तुमच्या काढ्याचा, तुमच्या तापमानाचा K. शिवाय सुरुवातीला किती कॅफीन होतं तेही निघतं. पहिल्या वेळी एकूणाच्या ०.४५ भाग बाहेर आला, म्हणजे १२० भागिले ०.४५, साधारण २६७ मिग्रॅ. दोन पटी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर दोष कुठे आहे तेही त्यातच दिसतं. दुसरं वजन पहिल्याच्या मानाने फारच जास्त आलं, तर पहिल्या वेळी समतोल आला नव्हता किंवा बराच थर फेसात राहून गेला होता. तिन्ही वजनं अपेक्षेपेक्षा जड आणि अवशेष हिरवट असेल, तर हरितद्रव्य आणि मेणासारखी भर सोबत आली आहे. ती वजनात मोजली जाते आणि K बिघडवते. असा माल कोरड्या भांड्यात सावकाश तापवून संप्लवनाने शुद्ध करता येतो. कॅफीन १७८ अंशांच्या आसपास सरळ वाफ होऊन वरच्या थंड काचेवर पांढऱ्या सुयांसारखं बसतं आणि हिरवी घाण खाली राहते.

चौथ्यांदा वीस मिली घालायचं की नाही, हे याच आकड्यांवरून ठरवा. वरच्या ४.६ च्या हिशेबात चौथा भाग आणखी २० मिग्रॅ देईल. कॉलेजच्या प्रयोगाला मी तिथे थांबेन. एकूण कॅफीनचं प्रमाण ठरवायचं काम असेल तर थांबणार नाही, आणि प्रत्येक नव्या भागाचे काही थेंब घड्याळकाचेवर उडवून पाहीन. काच कोरी दिसेपर्यंत पुढचा भाग घालायचा.